मामाचा आहेर आणि स्टुटगार्टची चूल

ताई, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, नागपूरलाच. जावई जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहे. लग्नानंतर तीन आठवड्यांनी दोघं तिकडे जाणार आणि नवं घर मांडणार. मी सख्खा मामा. याच वर्षी निवृत्त झालो, म्हणून आहेरासाठी १५ हजार ठरवलेत आणि त्यावर जाणं मला जमणार नाही. मला चांदीची समई द्यावीशी वाटते. आमची ही म्हणते, मिक्सर आणि डिनर सेट द्या, पोरीचा संसार आहे. बहीण म्हणते, दादा, पाकीटच दे. पण भाचीच्या हातात नुसतं पाकीट ठेवायला मन धजत नाही. काय द्यावं?
— एक मामा, मानेवाडा

भाऊ,

इतवारीत जायच्या आधी भाचीला एक फोन करा आणि फक्त दोन गोष्टी विचारा. जावयाच्या घरात चूल कुठल्या प्रकारची आहे? आणि दोघांच्या तिकिटावर सामान किती किलो लिहिलंय? १५ हजारांची हद्द तुम्ही घातली आहे, पण किलोंची हद्द विमान कंपनीने आधीच घातली आहे आणि ती जास्त कडक असते. परदेशी जाणाऱ्या जोडप्याला दिलेला आहेर त्या दुसऱ्या हद्दीत बसला नाही तर तो इथेच राहतो. माझ्या लेकीला मिळालेला ५१ नगांचा डिनर सेट आमच्या धरमपेठेच्या घरात माळ्यावर आहे. नऊ वर्षं झाली, पेटीची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. देणाऱ्यांनी फार प्रेमाने दिला होता, म्हणून तो कुणाला देऊनही टाकवत नाही.

म्हणजे डिनर सेटचा विषय संपला. चिनी मातीची ताटं जड असतात, बॅगेत फुटतात आणि तशी ताटं तिकडे कुठल्याही दुकानात मिळतात. वहिनींना माझं नाव सांगा.

आता किलोंचं. युरोपच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर बहुधा २३ किलोची एक बॅग असते, काही तिकिटांवर दोन, शिवाय हातात सात-आठ किलो. पण आपल्याला नागपूरकरांना यात एक वेगळी अडचण आहे आणि मुंबई-पुण्याचे लोक ती सांगत नाहीत, कारण त्यांना ती येत नाही. नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून पुढे जर्मनी, हे सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असेल तर साधारणपणे परदेशी प्रवासाचीच किलोमर्यादा नागपूरपासून लागू होते. मात्र स्वस्त पडतं म्हणून नागपूर-मुंबई वेगळं काढलं असेल, तर त्या तुकड्यावर देशांतर्गत नियम लागतो आणि तो बहुतेक वेळा माणशी १५ किलोचा असतो. लेकीच्या वेळी आमचं हेच झालं. सोनेगावच्या विमानतळावर काउंटरसमोर दोन्ही बॅगा जमिनीवर उघडल्या. जादा वजनाचे पैसे ऐकून जावयांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. स्वेटर राहिले, पुस्तकं राहिली, आणि मी एका हातात कुकर व दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी घेऊन रिक्षाने घरी आले. तो कुकर तिच्या आत्याने दिला होता. तेव्हा भाचीला नीट विचारा: तिकीट एक आहे की दोन? दोन असतील तर मुंबईपर्यंत रेल्वेने जाणं बरं, सामानाचा हा प्रश्न मिटतो.

कितीही सामान नेता येत असलं तरी त्यात मामाचा वाटा चार किलोंच्या पुढे धरू नका. जानेवारीत तिकडे कडाक्याची थंडी असते. दोघांचे कोट, बूट आणि गरम कपडेच अर्धी बॅग खातात. त्यात सासर-माहेरच्या साड्या, कागदपत्रं, लोणची, सांडगे. प्रत्येक नातेवाईक 'एवढंसंच आहे' म्हणून काहीतरी देतो आणि शेवटच्या रात्री सगळं स्प्रिंगच्या काट्याला टांगलं जातं. त्या रात्री जी वस्तू बाहेर काढायची कुणालाच इच्छा होणार नाही, ती तुम्ही द्यायची.

माझ्या मते ती वस्तू म्हणजे तीन लिटरचा कुकर.

यात चूल कुठे आली, ते सांगते. जर्मनीतल्या घरांत आपल्यासारखा गॅस फारसा नसतो. बहुतेक ठिकाणी ओट्यात बसवलेली काळी काच असते आणि त्याखाली वीज. ही काच दोन प्रकारची असते, वरून जवळजवळ सारखीच दिसते आणि इथेच लोक फसतात. एक प्रकार साधा: काचेखाली तापणारी तार असते, ती लालबुंद होते, काच तापते आणि काचेवरचं भांडं तापतं. त्यावर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं. दुसरा प्रकार इंडक्शन. त्यात काच स्वतः तापत नाही. खालच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं आणि भांड्याचं बूडच तापतं. त्यासाठी बुडाला चुंबक चिकटावा लागतो. नुसत्या अॅल्युमिनियमचं भांडं ठेवलं तर ती चूल चालूच होत नाही. आपल्याकडची चांगल्या स्टीलची कित्येक पातेलीसुद्धा त्यावर चालत नाहीत, कारण त्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. आपल्याला वाटतं स्टील म्हणजे लोखंडच, पण तसं नाही.

भाचीला म्हणा, जावयाला चुलीचा फोटो काढून पाठवायला सांग. चूल पेटवल्यावर काचेखाली लाल दिसत असेल तर साधी काच. लाल काही दिसत नाही आणि रिकामी ठेवली तर चूल भांडं मागते, तर इंडक्शन. फोटो येईपर्यंत थांबवत नसेल तर इंडक्शनवर चालेल असाच कुकर घ्या. तो दोन्हीवर चालतो, उलटं होत नाही. पुढे घर बदललं तरी अडत नाही, आणि नव्या जोडप्याचं पहिलं घर तिकडे सहसा टिकत नाही.

दुकानात 'इंडक्शन बेस' म्हणून दोन तऱ्हेचे कुकर समोर ठेवतील. एक अॅल्युमिनियमचा, ज्याच्या बुडाला खालून स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. हा स्वस्त आणि हलका. दुसरा स्टीलचा, तीन थरांचा, ज्याला दुकानदार ट्रायप्लाय म्हणतात: बाहेर चुंबक धरणारं स्टील, मध्ये अॅल्युमिनियम, आत जेवणाला योग्य असं स्टील. मधला अॅल्युमिनियमचा थर उष्णता सगळीकडे पसरवतो, म्हणून वरण तळाला एकाच ठिकाणी लागत नाही. मी तुम्हाला दुसराच घ्यायला सांगेन. अॅल्युमिनियमवरच्या चकतीचं दुखणं असं की दोन धातू गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत. काही महिन्यांनी बूड मध्यभागी बाहेर येतं आणि कुकर काचेवर भोवऱ्यासारखा डुलायला लागतो. गॅसवर हे लक्षातही येत नाही. काचेवर मात्र बूड टेकलं नाही तर चूल भांडं ओळखत नाही, नाहीतर एकाच जागी तापवत बसते.

म्हणून जाताना दोन गोष्टी खिशात ठेवा: फ्रिजवरचा चुंबक आणि नातवाची स्टीलची पट्टी. कुकर उलटा करा. चुंबक मध्यभागी लावा, मग कडेला, मग त्या दोहोंच्या मधल्या जागेत. सगळीकडे घट्ट चिकटला पाहिजे. काही कुकरांना फक्त कडेच्या कड्यावर चिकटतो आणि मध्ये निसटतो, तो परत ठेवा. मग पट्टी आडवी करून तिची कड बुडावर टेकवा आणि डोळ्याच्या पातळीवर धरून उजेडाकडे बघा. मध्यभागी पट्टीखालून केसाएवढा उजेड दिसला तर हरकत नाही, बूड तापल्यावर थोडं खाली येतं आणि सपाट होतं. पण कडेने उजेड दिसला आणि पट्टी मधल्या भागावर डुलली, तर तो कुकर काचेवर कधीच नीट बसणार नाही. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू द्या. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत पाच-सहा कुकर उलटे करून बघू देतात, फक्त दुपारच्या गर्दीत जाऊ नका.

शिवाय आयएसआय खूण बघा, तिच्यासोबत आयएस २३४७ हा आकडा असतो. घरगुती कुकरचं भारतीय मानक तेच.

तीन लिटरच का? दोन माणसांचं वरण-भात एकाच वेळी डब्यांत लावता येतं, चार पाहुणे आले तर मसालेभातही होतो, आणि बूडही इंडक्शनच्या मधल्या आकाराच्या खणावर बरोबर बसतं. दीड लिटरचे गोंडस कुकर मिळतात, पण त्यांचं बूड अरुंद असतं. फार लहान बूड इंडक्शनला दिसतच नाही. आपली फोडणीची लोखंडी पळी म्हणूनच तिथे निकामी ठरते: चुंबक चिकटतो, तरी बूड एवढंसं असतं की चूल तिला ओळखतच नाही. माझ्या लेकीने पहिल्या आठवड्यात फोन करून हेच विचारलं होतं, 'आई, पळी ठेवते तर चूल बंद होते, मी काय चुकतेय?' ती काही चुकत नव्हती.

कुकरबरोबर एक गोष्ट नक्की घ्या, कारण ती कुणी देत नाही आणि तिकडे लगेच मिळत नाही. त्याच कंपनीच्या, त्याच लिटरच्या, त्याच झाकणाच्या दोन जादा रबरी रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक जादा शिटी. हे सगळं ४००-५०० रुपयांत येतं आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. झाकण आतून सरकवून बसणारं आणि बाहेरून फिरवून बसणारं, या दोन्हींच्या रिंगा वेगळ्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून कुकर आणि रिंगा एकाच दुकानातून घ्या आणि तिथेच झाकण लावून बघा. रिंग वर्ष-दीड वर्षात ढिली पडते, कडेने वाफ जायला लागते आणि शिटी होत नाही. जर्मन दुकानांतल्या कुकरांना आपल्यासारखी उडणारी शिटी नसते, त्यांची झाकणं वेगळी, रिंगाही वेगळ्या. एका रिंगेपायी चांगला कुकर अडगळीत गेलेला मी पाहिला आहे.

आता मिक्सर. वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे इथला मिक्सर तिथे तसाच फिरतो. (अमेरिकेत तो निरुपयोगी असता. तिथे वीज १२० व्होल्टची आहे आणि एवढ्या मोटरसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरएवढाच जड असतो.) फक्त पिन बदलते. आपली तीन गोल खुंट्यांची, त्यांची दोन गोल खुंट्यांची आणि अर्थिंगसाठी दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या. अडॅप्टर घेताना त्या पट्ट्यांना जोडणारा घ्यावा लागतो. नुसत्या दोन खुंट्यांच्या स्वस्त अडॅप्टरने मिक्सर फिरतो, पण अर्थिंग तुटतं आणि ओल्या हाताने चटणी वाटताना तेच अंगाशी येऊ शकतं.

तरीही मी मिक्सर देऊ नका म्हणते आणि कारण फक्त वजन. तीन भांड्यांसकट चांगला मिक्सर पाच किलोंच्या आसपास जातो, म्हणजे तुमचा वाटा एकट्यानेच ओलांडतो. त्याची इथली वॉरंटी तिकडे कामाला येत नाही. आणि डाळ-भात रोजचा आहे, ओलं वाटण रोजचं नाही. पहिल्या वर्षी घरचा मसाला सोबत नेला की निभतं. वहिनींना सांगा, पुढच्या खेपेला पोर आली की मिक्सर त्यांनी द्यावा, तेव्हा बॅगा निम्म्या रिकाम्या असतात. मात्र भाची म्हणाली की कुकर आत्याने आधीच घेतलाय, तर हिशेब उलटा करा आणि मिक्सर द्या. त्यासाठी तिला फोनवर विचारणं आलंच. एका घरात तीन कुकर आणि चार लेमन सेट येतात, ते सगळे न विचारल्यामुळे.

कुकरसोबत दुसरी एक वस्तू मला सुचते: पोळीचा सपाट, जड तवा, दहा इंची, इंडक्शनवर चालणारा. आपला नेहमीचा खोलगट तवा काचेवर फक्त मध्यभागी टेकतो आणि पोळी मध्ये जळते, कडेला कच्ची राहते. याचीही पट्टीने तीच परीक्षा घ्या. भाचीला एवढंच सांगा की तवा काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, नाहीतर काचेला चरे पडतात आणि घर सोडताना घरमालक त्याचे पैसे अनामत रकमेतून कापून घेऊ शकतो. ज्वारीची भाकरी तव्यावर होईल, पण शेवटी आचेवर धरून फुगवणं विसरावं लागेल. वांगंही आचेवर भाजता येणार नाही. ते ओव्हनमध्ये, वरच्या ग्रिलखाली, काट्याने टोचून ठेवलं की बऱ्यापैकी भाजतं. धुराचा वास मात्र येत नाही.

हिशेब मांडते. भाव दुकानागणिक थोडे पुढेमागे होतील.

तीन थरांचा तीन लिटरचा कुकर साधारण ३,५०० रुपये, वजन सव्वादोन किलोंच्या आसपास. रिंगा, व्हॉल्व्ह, शिटी ५०० रुपये. तवा १,३०० रुपये, वजन साधारण १ किलो ४०० ग्रॅम. आणि एक लहान पितळी निरांजन ७०० रुपये, पाव किलो. झाले ६,००० रुपये आणि चार किलो. कुकर आतून पोकळ असतो, त्यात मसाल्याचे पुडे, मोजे, रिंगा सगळं भरता येतं, म्हणून त्याची जागाही वाया जात नाही. पुठ्ठ्याचं खोकं इथेच टाका, वॉरंटीचं कार्ड तेवढं घ्या.

निरांजन मी समईच्या जागी लिहिलं आहे. तुमचं मन मी समजते. अंतरपाटाशी भाचीला हाताला धरून नेणारा मामा कुकर घेऊन कसा उभा राहील? पण १५ हजारांत येणारी चांदीची समई आजच्या भावात इतकी हलकी येते की वाकते, आणि जरा जाड घेतली तर सगळे पैसे तिच्यातच जातात. शिवाय मुलीला ती तिकडे न्यायची भीती वाटते, मग ती इथे बहिणीच्या लॉकरमध्ये जाते. पितळी निरांजन स्टुटगार्टच्या घरात दर संध्याकाळी लागेल. तिला एवढं मात्र सांगा की जर्मन घरांत झोपायच्या खोल्यांत आणि जायच्या-यायच्या वाटेवर छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. निरांजनाने ते वाजत नाही, पण त्याच्याखाली धूप किंवा भरपूर उदबत्त्या लावल्या तर वाजू शकतं.

उरले ९,००० रुपये. इथे तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा अगदी रिकामं मिळतं. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. कधीकधी ओटा, सिंक आणि चूलही नसते, ती नव्या माणसाने आणून बसवायची. जावई राहतोय त्या घरात चूल असेल, पण दोघांसाठी मोठं घर घेतलं की हा खर्च येणारच. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ९,००० म्हणजे ९० युरो. तेवढ्यात दोन खोल्यांचे साधे दिवे आणि कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड येतो, आणि हिवाळ्यात तो स्टँड रोज लागतो. पाकिटावर 'दिव्यांसाठी' असं लिहा. मग ते नुसतं पाकीट राहत नाही.

ते पैसे कसे द्यायचे, यात थोडी काळजी घ्या. युरो विकत घेऊन द्यावे असं वाटेल, पण परकीय चलन प्रवास करणाऱ्याच्याच पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटावर मिळतं, तुमच्या नावावर तिच्यासाठी मिळणार नाही. तेव्हा रुपये तिच्या बँक खात्यात निघायच्या आठ-दहा दिवस आधी जमा करा. ती स्वतः आपल्या फॉरेक्स कार्डावर घेईल. निघायच्या आधीच जमा करा असं म्हणते कारण परदेशी स्थायिक झाल्यावर तिचं इथलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं आणि तेवढे दिवस कागदपत्रांचं चालतं. लग्नातल्या भेटीवर तिला आयकर लागत नाही, ती शंका मनात असेल तर काढून टाका.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरात कुणीतरी नक्की म्हणेल: 'आत्ता नको, नंतर पार्सलने पाठवू.' ते करू नका. २०२१ च्या जुलैपासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पार्सलवर कर लागतो. माणसाने माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतच करातून सुटते. कुकर आणि तवा मिळून त्याच्या वर जातात. मग कस्टमची चिठ्ठी येते, भाचीने कामावरून सुट्टी काढून बिलं दाखवायची आणि मामाच्या आहेरावर स्वतःच्या खिशातून कर भरायचा. तेच सामान तिने सोबत विमानाने नेलं तर ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर प्रवाशाला कर नाही. तुमचा आहेर त्याच्या कितीतरी खाली आहे. बिल मात्र तिच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि रिकाम्या कुकरात काय भरायचं हे वहिनींवर सोडाल तेव्हा दोन गोष्टी आधी सांगा. साजूक तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत, तूप त्यातच येतं आणि सापडलं तर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही तसाच, वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. दुसरी गोष्ट आपल्या सावजी मसाल्याची. वाटलेला कोरडा मसाला नेता येतो, पण त्यात खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, लोक अडचणीत आलेले आहेत. दोघांचं विमान दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर या खेपेला मसाला खसखस न घालता कुटून घ्या. तिच्याऐवजी दगडफूल आणि खोबरं जरा जास्त घाला, खोबऱ्याने रश्शाला दाटपणा येतो.

कुकर चेक-इनच्या बॅगेतच जाऊ द्या, हातातल्या नको. सुरक्षा तपासणीत तो बाहेर काढायला लावतात आणि रांगेत उगाच वेळ जातो. झाकण उलटं करून कुकरावर ठेवा, शिटी काढून वेगळ्या पिशवीत त्याच बॅगेत, आणि निरांजन साडीच्या घडीत गुंडाळा. लग्नात मात्र मांडवात तुम्ही निरांजन आणि पाकीटच हातात द्या. कुकर आणि तवा आदल्या दिवशी बहिणीच्या घरी पोचवा, म्हणजे बॅगा भरायला घेतील तेव्हा तो तिथेच असेल आणि कुणी दुसरा कुकर आणायला निघालं असेल तर वेळेवर थांबेल.